अहवालातली एक ओळ: बीटा-कॅटेनिन, एपीसी आणि मोठ्या आतड्यातल्या गाठींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंट संकेतमार्गावर काम करणाऱ्याला दोन प्रकारचे लोक प्रश्न विचारतात. काही विद्यार्थी असतात, पाठ्यपुस्तकातल्या बाणांच्या आकृतीने गोंधळलेले. काहींच्या हातात जनुक तपासणीचा अहवाल असतो. दोघांचे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून इथे सगळी उत्तरं एका अहवालातल्या एका ओळीभोवती मांडली आहेत.

```
APC  c.3927_3931del  p.(Glu1309Aspfs*4)
```

या ओळीचा अर्थ काय?

एपीसी हे जनुक पाचव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे. त्याच्या संहितेतली ३९२७ ते ३९३१ या क्रमांकांची पाच अक्षरं गळाली आहेत, असं ओळीचा पहिला भाग सांगतो. पेशी ही संहिता तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचते. पाच अक्षरं गेली की पुढचे सगळे गट सरकतात आणि वाचन बिघडतं. म्हणून १३०९ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ॲस्पार्टिक आम्ल येतं, नंतर दोन चुकीची अमिनो आम्लं लागतात आणि लगेच 'थांबा' असा संकेत येतो. शेवटच्या `fs*4` चा अर्थ इतकाच.

पूर्ण एपीसी प्रथिन २८४३ अमिनो आम्लांचं असतं. इथे ते १३११ वर संपतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

हे प्रथिन खरोखर तयार होतं, ही गोष्ट बरेचदा लक्षात येत नाही. वाटेतच 'थांबा' आलेले आरएनए पेशी सहसा ओळखून नष्ट करते. पण जनुकाची संहिता एक्झॉन नावाच्या तुकड्यांत विभागलेली असते, एपीसीच्या संहितेचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग शेवटच्या एकाच एक्झॉनमध्ये आहे, आणि शेवटच्या एक्झॉनमधला अवेळी थांबा त्या पहाऱ्यातून निसटतो. म्हणजे अशा पेशीत एपीसी नाहीसं होत नाही, अर्धवट प्रथिन तिथे वावरत असतं. पुढचा सगळा पेच त्यातूनच उभा राहतो.

विंट म्हणजे काय?

पेशी बाहेर सोडतात अशा प्रथिनांचं कुटुंब. माणसात ती १९ आहेत. नाव जोडून केलेलं आहे: फळमाशीतलं 'विंगलेस' आणि उंदराच्या स्तनातल्या गाठींमध्ये १९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरल्ड व्हार्मस यांना सापडलेलं 'इंट-१', ही दोन्ही एकाच जनुकाची दोन प्राण्यांतली रूपं निघाली. ही प्रथिनं फार दूर जात नाहीत, शेजारच्या पेशींशीच बोलतात. बीटा-कॅटेनिन हे पेशीच्या आतलं एक प्रथिन आहे, आणि विंटचा एक निरोप 'बीटा-कॅटेनिन मोडू नकोस' असा असतो. इथे तेवढाच पाहू.

बीटा-कॅटेनिन सतत बनवायचं आणि सतत मोडायचं, हा उधळेपणा कशासाठी?

विंट आल्यावर पेशी बीटा-कॅटेनिन जास्त बनवायला लागते, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. उत्पादन जवळपास तेवढंच राहतं, बदलतो तो मोडण्याचा वेग.

हिशोबाला सोपे पडतील असे आकडे धरू. पेशी दर मिनिटाला १००० रेणू बनवते आणि एका रेणूचं अर्धायुष्य ३० मिनिटं आहे. मग साठा जिथे स्थिरावतो तो आकडा म्हणजे १००० गुणिले ३० भागिले ०.६९३, सुमारे ४३,०००. आता उत्पादनाला हात न लावता अर्धायुष्य दोन तासांचं केलं, तर साठा सुमारे १,७३,००० वर जातो. अर्धायुष्य चौपट झालं की साठाही चौपट. नळ तसाच सुरू आहे आणि मोरी तुंबली, एवढाच फरक.

या पद्धतीचा फायदा वेगात आहे. मोडणं थांबवलं की साठा लगेच चढू लागतो, जनुक चालू होऊन नवं प्रथिन बनण्याची वाट पाहावी लागत नाही. निरोप संपला की तो तितक्याच झटपट उतरतो. तोटाही त्यातच आहे. मोडणारी यंत्रणा बिघडली तर कुणीही निरोप न देता पेशी 'निरोप आला' अशा थाटात वागू लागते.

मोडण्याची क्रिया नेमकी कशी होते?

बीटा-कॅटेनिनच्या सुरुवातीच्या टोकाजवळ फॉस्फेट लागू शकेल अशा चार अमिनो आम्लांच्या जागा आहेत: ४५, ४१, ३७ आणि ३३. आधी सीके-१ हे एंझाइम ४५ वर फॉस्फेट चिकटवतं. ते लागलं तरच जीएसके-३ पुढचं काम हाती घेतं आणि ४१, ३७, ३३ या क्रमाने फॉस्फेट लावत जातं. ३३ आणि ३७ वरच्या फॉस्फेटची जोडी बीटा-टीआरसीपी हे प्रथिन ओळखतं, त्यावर 'हे मोडा' अशी खूण असलेली युबिक्विटिनची साखळी जोडली जाते आणि प्रोटिएझोम त्या रेणूचे तुकडे करतो.

या दोन एंझाइमांना पेशीत इतरही पुष्कळ कामं असतात. त्यांना आणि बीटा-कॅटेनिनला एकत्र आणून ठेवण्याचं काम ॲक्सिन करतं. ॲक्सिन आणि एपीसी धरून जो संच बनतो त्याला विध्वंस संकुल म्हणतात. नाव भीतीदायक आहे, काम सफाईचं आहे.

विंट आल्यावर हे संकुल कसं थांबतं?

विंट पेशीच्या पृष्ठभागावर फ्रिझल्ड आणि एलआरपी-६ या दोन ग्राहींना एकत्र आणतो. एलआरपी-६ च्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट लागतात आणि ॲक्सिन तिकडे ओढलं जातं. इथवर फारसा वाद नाही. पुढे आहे. एका गटाच्या मते संकुलातलं फॉस्फेट लावण्याचं काम मंदावतं. दुसऱ्या गटाच्या मते फॉस्फेट लागत राहतात, पण युबिक्विटिन जोडणं अडतं आणि संकुल न मोडलेल्या मालाने भरून जातं. माझा कल पहिल्या बाजूला आहे, पण आकृतीत एकच ठाम बाण काढणाऱ्या पुस्तकांवर मी फार विसंबत नाही.

साचलेलं बीटा-कॅटेनिन केंद्रकात जातं आणि टीसीएफ कुटुंबातल्या प्रथिनांना चिकटतं. टीसीएफ डीएनएवर आधीच बसलेलं असतं, पण एकटं असताना ते जनुकांना दाबून ठेवतं. बीटा-कॅटेनिन आलं की तीच जनुकं चालू होतात. त्यांत विभाजनाला रेटणारं मिक आहे, आणि ॲक्सिन-२ सुद्धा आहे, जे पुन्हा विध्वंस संकुलालाच बळ देतं. म्हणजे निरोपात स्वतःचा ब्रेकही बांधलेला आहे.

हे सगळं मोठ्या आतड्यालाच इतकं का भोवतं?

आतड्याचं अस्तर काही दिवसांत पूर्ण नवं होतं. त्यात क्रिप्ट नावाच्या लाखो सूक्ष्म खळग्या असतात. प्रत्येकीच्या तळाशी मूलपेशी असतात, त्यांच्या मुलीपेशी वर सरकत जातात, विशेष कामं करू लागतात आणि शेवटी गळून पडतात. तळाशी विंट भरपूर असतो आणि वर जाताना विरळ होत जातो. पेशीच्या दृष्टीने तळापासून दूर जाणं म्हणजे 'आता विभाजन पुरे' हा हुकूम. उंदरात टीसीएफ-४ हे जनुक काढून टाकल्यावर लहान आतड्यातल्या विभाजन करणाऱ्या पेशीच नाहीशा झाल्या, हे १९९८ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने दाखवलं.

आता एखाद्या मूलपेशीत मोडणारी यंत्रणा बंद पडली असं समजा. तिच्या मुली विंटपासून दूर गेल्या तरी आत बीटा-कॅटेनिन तेवढंच राहतं. बाहेरचा हुकूम त्यांना ऐकूच येत नाही. त्या विभाजत राहतात, गळत नाहीत, आणि खळगीत गर्दी होते. पॉलिपची सुरुवात ही अशी असते.

१३०९ वर तुटलेल्या एपीसीत काय उरतं, काय जातं?

एपीसीच्या मधल्या भागात बीटा-कॅटेनिन धरणारे दोन प्रकारचे आकडे, म्हणजे हुकसारखे तुकडे, आहेत. आधी १५ अमिनो आम्लांचे तीन छोटे आकडे येतात. त्यांच्यानंतर सुमारे २० अमिनो आम्लांचे सात आकडे येतात. या मोठ्या आकड्यांवर फॉस्फेट लागलं की त्यांतल्या काहींची पकड फार घट्ट होते. याच पट्ट्यात अधूनमधून ॲक्सिनला अडकवणाऱ्या तीन जागा आहेत आणि त्या सगळ्या १५०० च्या पुढे आहेत.

ज्याच्या अहवालात वरची ओळ आहे त्या आपल्या रुग्णाच्या प्रथिनात तिन्ही छोटे आकडे शाबूत आहेत आणि सात मोठ्यांपैकी पहिला एकच उरला आहे. ॲक्सिनची एकही जागा नाही. असं प्रथिन बीटा-कॅटेनिनला थोडंबहुत धरू शकतं, पण संकुलात नीट बसून त्याची विल्हेवाट लावायला मदत करू शकत नाही.

एक प्रत चांगली आहे ना? मग गाठ का होते?

एक चांगली प्रत पुरते. म्हणूनच या माणसाच्या आतड्यातल्या अब्जावधी पेशींपैकी बहुतेक सगळ्या नीट वागतात. ज्या पेशीत दुसरी प्रतही बिघडते तिथेच गाठ उगवते. पेशी इतक्या असतात आणि विभाजनं इतकी होतात की असे दुसरे घाव शेकड्यांनी पडतात. जन्मतः एक घाव घेऊन आलेल्यांच्या आजाराला फॅमिलिअल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस, थोडक्यात एफएपी, म्हणतात आणि शंभराहून जास्त पॉलिप ही त्याची जुनी खूण आहे. ज्यांना हा आजार नाही त्यांच्या आतड्यातल्या गाठींतही बहुतेकदा एपीसीच्या दोन्ही प्रती गेलेल्या सापडतात. फरक इतकाच की तिथे दोन्ही घाव एकाच पेशीत योगायोगाने पडावे लागतात, म्हणून सहसा एकच गाठ होते आणि तीही उतारवयात.

आता खरी गंमत. दुसरा घाव कुठेही पडला तरी चालत असता, तर त्यांची यादी विस्कळीत दिसली असती. ती तशी दिसत नाही. दुसरा घाव कुठे आणि कसा सापडेल हे पहिला घाव कुठे आहे यावर अवलंबून असतं.

आपल्या रुग्णासारखा पहिला घाव १३०९ च्या आसपास असेल, तर दुसरी प्रत बहुधा पूर्ण नाहीशी होते. पुष्कळदा विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि चांगल्या प्रतीच्या जागी १३०९ वालीचीच नक्कल येऊन बसते. पहिला घाव फार आधी असेल, समजा १०६१ वर, तर त्या प्रतीत एकही मोठा आकडा नसतो. अशा रुग्णाच्या गाठींत दुसरा घाव असा सापडतो की त्या प्रतीत एक किंवा दोन मोठे आकडे उरतील. उलट पहिल्या घावाने दोन आकडे उरले असतील, तर दुसरा घाव बहुधा एकही न ठेवणारा असतो.

तिन्ही उदाहरणांत बेरीज करून पाहा. गाठीच्या पेशीत दोन्ही प्रती मिळून एखाद-दुसरा मोठा आकडा राहतोच. शून्य क्वचित दिसतो.

पण बीटा-कॅटेनिन जितकं जास्त तितकी गाठ जोमदार, असं नाही का?

नाही, आणि वरच्या यादीतून तेच दिसतं. दोन्ही प्रती मुळापासून उडवणं हा बीटा-कॅटेनिन वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग असता. तरी गाठी तो घेत नाहीत, म्हणजे त्या मार्गाने गेलेल्या पेशी शर्यतीत मागे पडत असाव्यात. एक-दोन आकडे राखणाऱ्या पेशीत पातळी वाढते, पण आटोक्याबाहेर जात नाही. विभाजन चालू राहायला ती पुरेशी असते आणि पेशीलाच मारून टाकेल इतकी नसते. संशोधक याला 'नेमका हवा तेवढा संकेत' म्हणतात. ही कल्पना या शतकाच्या सुरुवातीला रुळली आणि माझ्या मते एपीसीबद्दलची आजवरची सर्वांत उपयोगी कल्पना हीच आहे. फार वरच्या पातळीला पेशी का झेपत नाही, याची कारणं मात्र अजून तुकड्यातुकड्यानेच कळली आहेत.

आजाराचं रूपही यातून थोडं उलगडतं. १३०९ वाल्याला दुसऱ्या घावासाठी कुठल्या खास जागेची वाट पाहावी लागत नाही, ती प्रत गमावणं पुरतं. आणि असं गमावणं तुलनेने वारंवार घडतं. या घावात पॉलिप हजारांच्या घरात जातात आणि लक्षणं इतर एफएपी रुग्णांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी, विशीच्या सुमारास दिसतात, त्याचं हे एक पटणारं स्पष्टीकरण आहे.

एपीसी धडधाकट असूनही हा मार्ग बिघडू शकतो का?

हो. एचसीटी-११६ ही आतड्याच्या कर्करोगातून वाढवलेली पेशीमालिका याचं ठळक उदाहरण. तिचं एपीसी पूर्ण आहे, पण बीटा-कॅटेनिनच्या एका प्रतीतून नेमकी ४५ वी जागा गळाली आहे. वरची साखळी आठवा. ४५ वर फॉस्फेट नाही, म्हणून पुढचे तीन लागत नाहीत, म्हणून रेणू ओळखला जात नाही. संकुल शाबूत आहे, पण मालावर शिक्काच मारता येत नाही. इथे एकच प्रत बिघडलेली पुरते, कारण दुसऱ्या प्रतीचं चांगलं बीटा-कॅटेनिन या न मरणाऱ्याला थोपवू शकत नाही.

काही गाठी आणखी वरून सुरुवात करतात. आरएनएफ-४३ हे प्रथिन विंटचे ग्राही पृष्ठभागावरून काढून टाकतं. ते बिघडलं की ग्राही साचतात आणि थोडा विंटही खूप वाटतो. हा फरक औषधांच्या प्रश्नात पुन्हा येईल.

प्रयोगशाळेत हा बिघाड ओळखायचा कसा?

शिकाऊ असताना मी इथेच आठवडे घालवले. पेशींना विंट दिला, सगळ्या पेशी फोडल्या, प्रतिपिंडाने प्रथिनाची पट्टी दाखवणारा वेस्टर्न ब्लॉट केला आणि बीटा-कॅटेनिनची पट्टी आधी होती तशीच. प्रतिपिंड खराब असेल म्हणून नवं मागवलं, तरी तेच. चूक वेगळीच होती. बीटा-कॅटेनिनचं दुसरं काम म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ई-कॅडहेरिनला आतून आधार देणं. अस्तराच्या पेशीत त्याचा मोठा वाटा तिथेच, पटलापाशी असतो. तो स्थिर असतो, विध्वंस संकुलाच्या तावडीत सापडत नाही. एकूण मोजमापात हा मोठा साठा छोट्या बदलाला झाकून टाकतो. पटल वगळून फक्त पेशीद्रव वेगळं काढून ब्लॉट केला, तेव्हा पट्टी लख्ख वाढलेली दिसली.

३३, ३७ आणि ४१ वर फॉस्फेट नसलेला रेणूच ओळखणारी प्रतिपिंडंही मिळतात. उलट, फॉस्फेट लागलेला रेणू पाहायचा असेल तर आधी प्रोटिएझोम रोखणारं रसायन द्यावं लागतं, नाहीतर तो दिसण्याआधीच मोडलेला असतो.

पण साठा वाढला म्हणजे जनुकं चालू झाली असं नाही. त्यासाठी टॉपफ्लॅश ही चाचणी आहे: टीसीएफ बसण्याच्या जागांमागे काजव्याचं प्रकाश देणारं जनुक जोडलेलं असतं. सोबत त्या जागा मोडलेलं फॉपफ्लॅश चालवावंच लागतं, कारण दोघांचं गुणोत्तर पाहिल्याशिवाय नुसत्या उजेडाला अर्थ नाही. याच साधनाने १९९७ मध्ये क्लेव्हर्स आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटांनी दाखवलं की एपीसी बिघडलेल्या कर्करोग पेशींत हा मार्ग कायम चालू असतो आणि चांगलं एपीसी परत घातलं की उजेड मावळतो.

पॅथॉलॉजिस्ट ऊतीच्या कापावर बीटा-कॅटेनिन रंगवतात. निरोगी पेशीत रंग कडांना दिसतो, बिघडलेल्या पेशीत केंद्रकात. इथेही जपून. निरोगी क्रिप्टच्या तळाशी केंद्रकात थोडा रंग असतोच, आणि एपीसी गेलेल्या गाठीतही सगळ्या पेशी सारख्या रंगत नाहीत. आत घुसणाऱ्या कडेवर तो गडद आणि मध्यभागी फिका असू शकतो, जरी सगळीकडे उत्परिवर्तन एकच असलं तरी. म्हणजे घाव ठरलेला असला, तरी शेजारपाजारच्या परिस्थितीला अजून म्हणायला जागा असते.

पॉलिप म्हणजे कर्करोग का?

नाही. एपीसी जाणं ही पहिली पायरी. पुढे केआरएएस, टीपी-५३ यांसारखी जनुकं बिघडावी लागतात आणि त्याला बहुधा वर्षं लागतात. एखादा पॉलिप कधीच पुढे जात नाही. पण हजार पॉलिप असले की त्यांतला एखादा जाणार हे जवळपास ठरलेलं. म्हणून १३०९ सारख्या घावात दहा-बारा वर्षांच्या वयापासून दुर्बिणीने तपासणी सुरू करतात, आणि पॉलिप वाढले की मोठं आतडं काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो. रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला हा घाव मिळण्याची शक्यता निम्मी असते, त्यामुळे भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी होते. कधी आणि कशी, हे जनुकीय समुपदेशक आणि शल्यचिकित्सक यांच्याशी बोलून ठरवायचं.

मार्ग इतका नीट कळला आहे, तर तो बंद करणारं औषध का नाही?

आधी चांगली बातमी. उंदरांमध्ये एपीसी हवं तेव्हा दाबता आणि परत चालू करता येईल अशी व्यवस्था करून २०१५ मध्ये पाहण्यात आलं. एपीसी परत आल्यावर गाठीच्या पेशी पुन्हा सामान्य अस्तरासारख्या वागू लागल्या आणि गाठी विरल्या. केआरएएस आणि टीपी-५३ बिघडलेले असतानाही. म्हणजे पुढच्या पायऱ्या चढल्यावरही गाठ पहिल्या बिघाडावरच तगून असते.

अडचण औषधाच्या जागेची आहे. विंट पेशीबाहेर पडू न देणारी, पॉर्क्युपाइन या एंझाइमला रोखणारी संयुगं आहेत. आरएनएफ-४३ बिघडलेल्या गाठींत त्यांना अर्थ आहे, कारण तिथे बाहेरचा निरोप अजून लागतो. आपल्या रुग्णाच्या गाठीत बिघाड त्या पायरीच्या खाली आहे, तिथे वरचा नळ बंद करून फारसं साधत नाही. खाली उतरून बीटा-कॅटेनिन आणि टीसीएफ यांची जोडी तोडावी, तर त्यांची गाठभेट एका लांबलचक खाचेत होते. छोट्या रेणूने ती अडवणं कठीण आहे, आणि त्याच खाचेत ई-कॅडहेरिन आणि एपीसीही बसतात. चुकीचं ते सुटलं तर पेशींची एकमेकींवरची पकडच ढिली व्हायची.

ॲक्सिनचं आयुष्य वाढवून संकुलाला बळ देण्याचा मार्गही आहे. टँकिरेझ हे एंझाइम ॲक्सिनला मोडायला लावतं. ते रोखलं की ॲक्सिन साचतं, आणि तुटक्या एपीसीनिशीही काही पेशींत बीटा-कॅटेनिन खाली येतं. प्रयोगशाळेत हे दिसलं आहे. पण निरोगी क्रिप्टच्या तळाशी बसलेल्या मूलपेशींनाही हाच मार्ग लागतो. प्राण्यांमध्ये ही संयुगं वाढीव मात्रेत दिली की गाठीसोबत चांगलं अस्तरही झिजू लागतं, आणि गाठीला पुरणारी मात्रा व अस्तराला झेपणारी मात्रा या दोहोंमधलं अंतर अजून फार अरुंद आहे.